हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने मळमळतंय? गोळी बंद करण्याआधी हे करून बघा

ल्युपस किंवा आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असलेल्या अनेकांना डॉक्टर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन लिहून देतात. मूळचं हे मलेरियाचं औषध. ते भडकलेली रोगप्रतिकारशक्ती शांत करतं, पण सावकाश. सांध्यांना फरक जाणवायला ६ ते १२ आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होऊ शकते. म्हणजे फायदा दिसण्याआधी त्रास दिसतो आणि गोळ्या चुकवायला सुरुवात होते.

गोळी चुकवली तर लगेच काहीच का होत नाही?

शरीरात साठलेलं हे औषध निम्म्यावर यायला साधारण ४० दिवस लागतात. त्यामुळे दोन-चार दिवस गोळी घेतली नाही तरी सांधे दुखत नाहीत, उलट पोटाला बरं वाटतं. "गोळीशिवायही चालतंय की," असा समज इथेच होतो. प्रत्यक्षात साठा हळूहळू उतरत असतो आणि आजार काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उसळतो. तोपर्यंत चुकवलेल्या गोळ्या आठवतही नाहीत. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात, आजार स्थिर असलेल्या ल्युपसच्या काही रुग्णांचं हे औषध थांबवलं गेलं. सहा महिन्यांत त्यांच्यात आजार उसळण्याचा धोका औषध चालू असलेल्यांच्या अडीच पट होता.

जेवणासोबत म्हणजे नेमकं कसं?

चहा-बिस्किटावर गोळी घेणं म्हणजे जवळपास रिकाम्या पोटीच घेणं. पोळी-भाजी, भात-वरण, पोहे असं पोटभर खाणं चालू असताना किंवा संपताच गोळी घ्या. अर्धं जेवण झाल्यावर घेतली तरी चालते. जेवण जात नसेल तर पेलाभर दूध घ्या. उपवासालाही गोळी सोडू नका, दूध किंवा फराळासोबत घ्या. गोळी अख्खी गिळा, कारण चव फार कडू असते आणि चावली की मळमळ वाढते.

सकाळी त्रास होत असेल तर गोळी रात्रीच्या जेवणासोबत घेता येते. वेळ बदलल्याने या औषधाचं काम बिघडत नाही.

एक उदाहरण

समजा, ६० किलो वजनाच्या एका बाईंना रोज ४०० मिलिग्रॅम सुरू आहे. २०० च्या दोन गोळ्या त्या सकाळी चहासोबत एकदम घेतात आणि दुपारपर्यंत मळमळतं. पहिली पायरी म्हणजे एक गोळी दुपारच्या आणि एक रात्रीच्या जेवणासोबत घेणं. रोजचा डोस तेवढाच राहतो, पण पोटावर एकदम भार पडत नाही. असं करू का, हे डॉक्टरांना फोनवरही विचारता येतं.

दुसरी पायरी डॉक्टरांची. डोळ्यांच्या पडद्याच्या सुरक्षिततेसाठी रोजचा डोस सहसा दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. या बाईंच्या बाबतीत ते ३०० मिलिग्रॅम होतात. एक दिवस २०० आणि एक दिवस ४०० असं दिलं तर सरासरी ३०० येते. पण ल्युपस जोरात असेल तर डोस कमी करणं योग्य नसतं, म्हणून हा हिशोब स्वतःच्या मनाने लागू करू नका.

मळमळ नक्की याच गोळीची आहे का?

आमवातात अनेकांना आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटही असतं. मळमळ त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच होत असेल, तर दोष बहुधा त्याचा असतो. वेदनाशामक गोळ्यांनीही पोट बिघडतं. दोन आठवडे कोणती गोळी कधी घेतली आणि कधी मळमळलं, हे कागदावर लिहा. डॉक्टरांना त्यावरून बरंच कळतं.

मेडिकलमधून परस्पर काय घेऊ नये?

अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध किंवा चघळायची गोळी या औषधाला शोषू देत नाही, म्हणून दोन्हींत ४ तासांचं अंतर ठेवा. उलटी थांबवणारी डोमपेरिडोन आणि ऑन्डान्सेट्रॉन ही औषधं हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनमध्येही तोच धोका थोडा असतो, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्या. अ‍ॅसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्ये डोमपेरिडोन मिसळलेलं असतं, तेव्हा पाकिटावरची नावं वाचा.

गोळी राहिलीच तर?

त्याच दिवशी आठवली तर काही खाऊन घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर नेहमीची घ्या, दुप्पट नको.

बहुतेकांची मळमळ काही आठवड्यांत ओसरते. तसं झालं नाही किंवा वारंवार उलट्या होत असतील, तर लवकर डॉक्टरांना भेटा. अंगावर पुरळ आलं किंवा दिसण्यात फरक पडला तर त्याच दिवशी कळवा. छातीत धडधडून चक्कर आली, किंवा घाम सुटून हातपाय थरथरले (साखर उतरल्याची खूण), तर लगेच दवाखाना गाठा. गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. लहान मुलाच्या जिवाला एक-दोन गोळ्यांनीही धोका होऊ शकतो.