महाराज, प्रजा सुखी आहे!

चैत्राच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि जुन्नर-आंबेगावच्या यात्रा कमिट्या तिथे सुपारी ठरवायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव, त्यामुळे लावणीबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. आज आम्ही बोलणार आहोत सोंगाड्याबद्दल.

तमाशात गण झाला की गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात, दुधा-दह्यावर कर मागतात. त्यांच्याशी हुज्जत घालते मावशी. ही मावशी म्हणजे लुगडं नेसलेला पुरुषच. बाजारात माल नेणाऱ्या बाईला वाटेत कोण अडवतं आणि कशाचे पैसे मागतं, हा प्रश्न हसत हसत तिथे निघतो. डोक्यावर पाटी घेऊन बाजार केलेल्या आपल्या आज्यांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नसे.

मग वग. त्यात राजा, प्रधान आणि सोंगाड्या. वगाचं कथानक ठरलेलं असलं, तरी सोंगाड्याचे संवाद बरेचसे जागेवर सुचलेले असतात. फड गावात उतरला की तिथलं काय चाललंय ते तो कानावर घेतो. समजा, राजा विचारतो, “प्रजा सुखी आहे ना?” सोंगाड्या म्हणतो, “व्हय महाराज, समदी सुखी हायती. दुःखी व्हती ती कवाच पुण्याला गेली!” बघा, तो आधी ‘हो’ म्हणाला. त्यामुळे राजाला चिडता येत नाही. पुढच्या रांगेत बसलेल्या गावपुढाऱ्यालाही हसावंच लागतं, कारण नाव त्याचं नाही, महाराजांचं घेतलंय.

हेच तंत्र वसंत सबनीसांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात वापरलं. ते 1965 मध्ये रंगभूमीवर आलं. बढतीचा हक्क असलेल्या हवालदाराला डावलून प्रधानाच्या नात्यातला माणूस कोतवाल होतो. दादा कोंडके हवालदार करत आणि त्या त्या दिवसातलं राजकारण त्यात घुसवत. वशिल्याची ही गोष्ट कुठल्या राज्यातली, हे प्रेक्षकांना सांगायची गरज नसे.

आजच्या विनोदकाराकडे हा राजाचा आडपडदा बहुतेक वेळा नसतो. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना 2012 मध्ये मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली होती. पुढे ते कलम मागे घेतलं गेलं, पण अटक व्हायची ती झालीच.

सोंगाड्याचीही एक अडचण आहे, आणि ती आम्हाला खटकते. सुपारी देणारे गावातलेच वजनदार लोक. त्यांना टोचलेलं चालणार नसेल तर विनोद सोपी वाट धरतो आणि नाचणाऱ्या बाईवर, जाड्या बायकोवर, सासूवर घसरतो. ओळखायचं कसं? हशा पिकला की पुढच्या रांगेकडे बघा. तिथले लोक थोडे अवघडून हसत असतील तर सोंगाड्या कामावर आहे. ते खुर्चीत रेलून, मागं बसलेल्या बायकांकडे वळून हसत असतील, तर विनोद आपल्यावर चाललाय.

यंदाच्या यात्रेला आम्ही बसणार आहोत, आणि नजर त्या रांगेवर ठेवणार आहोत.