एक सकाळ, दोन संवत्सरे

पापनाशम् हे कुंभकोणम् आणि तंजावर यांच्या मधले लहान गाव. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य १८५५ नंतर उरले नाही, पण आमच्यासारखी मराठी घरे कावेरीकाठीच राहिली. ११ एप्रिल २०२४ रोजी सकाळी माझी आत्या इथे वारली आणि तमिळ वर्तमानपत्रात द्यायचा निधनाचा मजकूर माझ्याकडे आला.

तमिळ निवेदनाची ठेवण ठरलेली असते. मधोमध छायाचित्र, एका बाजूला ‘तोट्रम्’ म्हणजे जन्म, दुसऱ्या बाजूला ‘मरैवु’ म्हणजे निधन, त्याखाली नाव आणि ‘इरैवनडि सेर्न्दार’, देवाच्या चरणी लीन झाल्या. आतेभावाला तिथेच तिथीही हवी होती, कारण आमच्याकडे वर्षश्राद्ध तिथीने होते आणि दूरचे नातलग तीच शोधतात.

अडचण तिथेच आली. आमच्या पंचांगाने पाडवा ९ एप्रिलला झाला होता. म्हणून ती सकाळ शके १९४६, क्रोधी संवत्सर, चैत्र शुद्ध तृतीया. तमिळ पंचांग सूर्याच्या संक्रमणावर चालते, त्याचे नवे वर्ष १४ एप्रिलला लागायचे होते. त्यांच्या लेखी तोच दिवस शोभकृत् संवत्सरातला, पंगुनी महिन्याचा २९ वा. साठ नावांचे चक्र दोघांचे एकच, फक्त वर्ष पालटण्याचा दिवस वेगळा. संवत्सर छापले असते तर शेजाऱ्यांना ती चूक वाटली असती. मग आम्ही ते गाळले. इंग्रजी तारीख फोटोशेजारी ठेवली, आणि तळाशी मराठीत एकच ओळ: ‘चैत्र शुद्ध तृतीया’. तृतीया त्या दुपारी तीनच्या सुमारास संपत होती, म्हणून तिथी लिहिताना आधी निधनाची वेळ विचारून घेतली.

ही एक ओळच सर्वांत जपावी लागली. तमिळ जुळणीत देवनागरी अक्षरे फुटतात, मात्रा सुटतात, ‘शुद्ध’मधले जोडाक्षर उघडे पडते. म्हणून ती ओळ चित्र करून पाठवली आणि छपाईपूर्वीची प्रत मागवून अक्षर अक्षर तपासली. वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते, त्यामुळे फोटो थोडा उजळ केला आणि मागची भिंत काढून टाकली. नाव मोठे, बाकी सारे एकाच आकारात, भोवती बारीक रेघ. समया, फुले काही नाही.

याच मुलखात १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरला गेला. त्यानंतर लवकरच सरफोजी राजांनी देवनागरी खिळ्यांचा छापखानाही चालवला. आज त्याच लिपीतली एक ओळ छापायची तर तिचे चित्र करावे लागते. निवेदन आले त्या सकाळी आतेभावाने आधी तीच ओळ वाचली आणि म्हणाला, “द्ध नीट आलाय.”