लाइक भरपूर, तरी पोस्ट पुढे का जात नाही? शेअर आणि सेव्हचं गणित

इन्स्टाग्रामवर स्क्रोल करताना दोनदा टॅप केलं की लाइक पडतो. मित्राचा फोटो असेल तर अनेकदा तो न बघताही. शेअरचं तसं नसतं. पोस्ट कोणाला पाठवायची हे ठरवावं लागतं आणि ती फालतू निघाली तर पाठवणाऱ्याचीच पंचाईत होते.

इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी 2025 मध्ये तीन महत्त्वाचे संकेत सांगितले: किती वेळ पाहिलं, किती लाइक मिळाले आणि किती जणांनी इतरांना पाठवलं. फॉलोअर्सपर्यंत पोहोचताना लाइकचं वजन थोडं जास्त, तर अनोळखी लोकांपर्यंत पोहोचताना पाठवण्याचं. सेव्ह या तिघांत नाही, पण एक्सप्लोरमध्ये काय दाखवायचं हे ठरवताना लाइक आणि शेअरसोबत सेव्हही मोजला जातो.

समजा, ट्रेकिंगच्या एका पेजने राजगडाचा धुक्यातला सुंदर फोटो टाकला. रीच 5,000, लाइक 600, शेअर 8. पुढच्या आठवड्यात त्याच गडावर पाच स्लाइडची पोस्ट टाकली: गुंजवण्यातून चोर दरवाज्याची वाट खडी आहे, पाली दरवाज्याची पायऱ्यांची वाट सोपी आहे, सोबत पाणी किती घ्यावं. रीच 3,000, लाइक फक्त 150, पण सेव्ह 180 आणि शेअर 90.

आकडे नुसते बघू नका, रीचने भागा. फोटोचा शेअर दर 0.16 टक्के येतो, स्लाइडच्या पोस्टचा 3 टक्के. दुसरी पोस्ट नव्या लोकांपर्यंत जाण्याची शक्यता जास्त. हे आकडे प्रोफेशनल अकाउंटच्या इनसाइट्समध्ये दिसतात. मात्र रीच 200 असेल तर चार शेअरचा दरही 2 टक्के होतो. त्यावरून काही ठरवू नये, दहा-बारा पोस्टची तुलना करावी.

सेव्ह आणि शेअर एकाच कारणाने होत नाहीत. वाटांची माहिती ट्रेकच्या आदल्या रात्री पुन्हा लागणार, म्हणून ती सेव्ह होते. ‘आई-बाबांना राजगडावर न्यायचंय? पालीची वाट धरा’ ही पहिली स्लाइड मात्र शेअर होते, कारण वाचताक्षणी घरच्या ग्रुपवरचा भाऊ किंवा बहीण आठवते. पोस्ट करण्याआधी हे एक नाव सुचत नसेल, तर पहिली ओळ बदलावी.

मुख्य माहिती फक्त कॅप्शनमध्ये ठेवणं ही नेहमीची चूक. स्लाइड उघडल्यावर ती लगेच सापडली पाहिजे. आणि ‘सेव्ह करून ठेवा’ हे वाक्य धुक्याच्या फोटोखाली लिहून काही होत नाही, तिथे पुन्हा येऊन बघण्यासारखं काही नसतं. लोकांना चिडवणारी पोस्टही भरपूर शेअर होते. ती कोणत्या शब्दांसह फिरतेय, हे इनसाइट्स सांगत नाही. त्यासाठी कमेंट वाचाव्या लागतात.