राफ्ट आणि टू-फेज कमिट: ‘नाही’ म्हणण्याचा हक्क कुणाला?

काही वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टवर सकाळी आल्या आल्या तक्रार ऐकली: काही ग्राहकांच्या ऑर्डर अपडेटच होत नाहीत. क्वेरी चालवली की ती नुसती थांबून राहायची. आम्ही पोस्टग्रेस रीस्टार्ट केलं, तरी तेच. शेवटी ही क्वेरी चालवली तेव्हा कारण सापडलं:

```sql
SELECT gid, prepared, owner, database
FROM pg_prepared_xacts
ORDER BY prepared;
```

रात्री सुरू झालेली दोन ट्रान्झॅक्शन्स ‘तयार’ अवस्थेत अडकली होती आणि त्यांनी त्या ओळींवरचं लॉक धरून ठेवलं होतं. दोन डेटाबेसमध्ये समन्वय करणारा आमचा प्रोग्रॅम नेमका मधेच बंद पडला होता. तेव्हा टीममधल्या एकाने विचारलं, “मग यापेक्षा राफ्ट वापरायचं ना, त्यात लीडर मेला तरी काम चालू राहतं!” हा प्रश्न बरेच जण विचारतात. पण राफ्ट आणि टू-फेज कमिट वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. फरक कुठे आहे, ते एकेक करून बघू.

राफ्ट: एकाच वहीच्या पाच प्रती

राफ्ट हा अल्गोरिदम डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाऊट यांनी २०१४ मध्ये मांडला. त्यात प्रत्येक सर्व्हरकडे एक लॉग असतो. लॉग म्हणजे क्रमाने लिहिलेल्या नोंदींची वही. सगळ्या प्रतींत त्याच नोंदी त्याच क्रमाने असाव्यात, एवढंच राफ्टचं उद्दिष्ट. नवी नोंद फक्त लीडर घेतो आणि बाकीच्यांना पाठवतो. निम्म्याहून जास्त सर्व्हरनी ती डिस्कवर लिहिली की लीडर ती ‘कमिट’ झाली असं मानतो.

समजा क, ख, ग, घ, च असे पाच सर्व्हर आहेत आणि क लीडर आहे. क्रमांक ८ ची नोंद क ने स्वतः लिहिली, ख आणि ग नेही लिहिली. तीन झाले, म्हणजे बहुमत. क ने क्लायंटला “झालं” असं कळवलं आणि तेवढ्यात तो बंद पडला. घ आणि च कडे वही ७ पर्यंतच आहे.

लीडरकडून निरोप येणं थांबलं की कुणीतरी निवडणुकीला उभं राहतं. घ उभा राहिला तर? राफ्टमध्ये मत देणारा आधी उमेदवाराची वही बघतो. ती आपल्यापेक्षा मागे असेल तर मत देत नाही. म्हणून ख आणि ग नकार देतात. घ ला स्वतःचं आणि च चं अशी दोनच मतं मिळतात, तो हरतो. ख किंवा ग यांच्यापैकीच कुणीतरी निवडून येऊ शकतो, आणि दोघांकडेही नोंद ८ आहे. लिहिणारं बहुमत आणि निवडून देणारं बहुमत यांत किमान एक सर्व्हर सामाईक असणारच, त्यामुळे कमिट झालेली नोंद हरवत नाही.

आता जरा वेगळा प्रसंग. नोंद ८ फक्त क आणि ख कडे पोहोचली आणि क बंद पडला. बहुमत झालं नव्हतं, क्लायंटला उत्तरही गेलं नव्हतं. आता ख लीडर झाला तर नोंद टिकेल. ग लीडर झाला, म्हणजे घ आणि च ने त्याला मत दिलं, तर ख कडची ती नोंद पुसून तिथे नवी लिहिली जाईल. दोन्ही निकाल नियमाला धरूनच आहेत. म्हणून टाइमआउट आला म्हणजे काम झालं नाही, असं क्लायंटने समजू नये. त्याने तीच विनंती तोच आयडी लावून पुन्हा पाठवावी, आणि सर्व्हरने तो आयडी बघून काम दोनदा होऊ देऊ नये.

राफ्टची मर्यादाही याच हिशोबातून येते. पाचांपैकी दोन गेले तर चालतं. तीन गेले तर नव्या नोंदी कमिट होणं थांबतं.

टू-फेज कमिट: दोन वेगळ्या वह्या

आता पैसे पाठवण्याचं उदाहरण घ्या. सुनीताचं खातं डेटाबेस १ मध्ये आहे, रमेशचं डेटाबेस २ मध्ये. तिच्या खात्यातून ५०० वजा आणि त्याच्या खात्यात ५०० जमा, दोन्ही व्हायला हवं किंवा काहीच नको. इथे दोन्ही ठिकाणचा डेटा वेगळा आहे. सुनीताकडे पुरेसे पैसे आहेत का, हे डेटाबेस १ लाच माहीत. रमेशचं खातं गोठवलेलं आहे का, हे डेटाबेस २ लाच माहीत.

म्हणून समन्वयक आधी दोघांना विचारतो, “तयार आहात का?” ‘हो’ म्हणणारा बदल डिस्कवर लिहून ठेवतो, लॉक धरतो आणि स्वतःहून माघार घ्यायचा हक्क सोडतो. एकानेही ‘नाही’ म्हटलं तर सगळं रद्द. सगळे ‘हो’ म्हणाले तर समन्वयक निर्णय स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो आणि मग दोघांना कळवतो.

राफ्टच्या फॉलोअरला “ही नोंद मला मान्य नाही, खात्यात पैसे नाहीत” असं म्हणायचा हक्कच नसतो. बहुमताने लिहिली की नोंद पक्की, मागे राहिलेल्याने ती नंतर घ्यायची. टू-फेज कमिटमध्ये मात्र प्रत्येकाला नकाराधिकार असतो. तिथे बहुमत चालवलं तर तीनपैकी दोन डेटाबेस ‘हो’ म्हणाले म्हणून पैसे नसलेल्या खात्यातूनही रक्कम वजा होईल. म्हणून टीममधल्या त्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं होतं.

या हक्काची किंमत त्या सकाळी आम्ही मोजली. दोघंही ‘हो’ म्हणाले आणि मग समन्वयक मेला, तर दोघांना एकमेकांना विचारूनही काही ठरवता येत नाही. समन्वयकाने मरण्याआधी ‘कमिट’ लिहून क्लायंटला कळवलंही असेल. म्हणून लॉक धरून थांबणं एवढंच त्यांच्या हातात उरतं. पोस्टग्रेस रीस्टार्टनंतरही तो शब्द पाळतं, म्हणून आमच्या रीस्टार्टचा उपयोग झाला नाही. अशा वेळी अंदाजाने `ROLLBACK PREPARED` चालवू नका. आधी समन्वयकाच्या लॉगमध्ये निर्णय शोधा. ‘कमिट’ सापडलं तर `COMMIT PREPARED`. आम्हाला एकासाठी ते सापडलं, दुसऱ्यासाठी निर्णयाची नोंदच नव्हती, म्हणून ते रद्द केलं.

मग दोन्ही एकत्र का नाहीत?

मोठ्या डेटाबेसमध्ये ते असतातच. गुगलच्या स्पॅनरमध्ये डेटाचे तुकडे असतात. प्रत्येक तुकड्याच्या प्रती पॅक्सोस या राफ्टच्या थोरल्या भावाने एकसारख्या ठेवल्या जातात, आणि अनेक तुकड्यांवरच्या ट्रान्झॅक्शनसाठी त्यावर टू-फेज कमिट चालतं. म्हणजे ‘हो’ म्हणणारा एक सर्व्हर नसून अख्खा गट असतो. समन्वयकही गटच. त्याचा निर्णय बहुमताने लिहिलेल्या लॉगमध्ये असल्यामुळे एक यंत्र बंद पडलं तरी नवा लीडर तो वाचून काम पुढे नेतो.

अडकण्याची शक्यता यातही पूर्ण जात नाही. एखाद्या गटाचं बहुमतच गेलं, तर ते परत येईपर्यंत त्याच्याशी जोडलेली ट्रान्झॅक्शन्स थांबू शकतात. पण आमच्याकडे एकच प्रोग्रॅम मेल्यावर जे झालं, ते इथे होण्यासाठी एकाच गटातली बरीच यंत्रं एकदम जावी लागतात.

तोपर्यंत, साधं पोस्टग्रेस आणि स्वतःचा समन्वयक वापरत असाल तर दर काही मिनिटांनी वरची क्वेरी चालवा. `prepared` ची वेळ नेहमीपेक्षा जुनी दिसली तर अलार्म वाजू द्या. अशी ट्रान्झॅक्शन्स लॉक तर धरतातच, शिवाय `VACUUM` ला जुन्या ओळी साफ करू देत नाहीत. टू-फेज कमिट वापरतच नसाल, तर `max_prepared_transactions` शून्यच ठेवा. पोस्टग्रेसमध्ये ते मुळात शून्यच असतं.