वळलेल्या बोटांचे कोडे : चिंगलपुट, १९४७

१/
सन १९४७. मद्रासजवळच्या चिंगलपुट येथील कुष्ठरुग्णालयात एक तरुण इंग्रज शल्यचिकित्सक पाहुणा म्हणून आला होता. डॉ. पॉल ब्रँड हे त्याचे नाव. जन्म १९१४ चा, तोही तमिळ प्रदेशातील कोल्ली डोंगरांत, मिशनरी आईवडिलांच्या पोटी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू होऊन त्याला जेमतेम वर्ष झाले होते. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. रॉबर्ट कॉक्रेन कुष्ठरोगावरील नामवंत तज्ज्ञ होते. पण ते त्वचेचे डॉक्टर, हाडासांध्यांचे नव्हे.

२/
आवारात हिंडताना ब्रँडचे लक्ष रुग्णांच्या हातांकडे जात होते. बोटे आत वळलेली, ताठ न होणारी, शिकारी पक्ष्याच्या नख्यांसारखी. हे असे का होते आणि यावर शस्त्रक्रियेचा काय उपाय आहे, असे त्याने विचारले. कॉक्रेन यांचे उत्तर असे की, हा प्रश्न अस्थिशल्यचिकित्सकांनी कधी हातीच घेतला नाही. त्या काळी जगात कोट्यवधी कुष्ठरुग्ण होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या उत्तरातील लाजिरवाणेपण कळते.

३/
ब्रँडने पुढे अनेकदा सांगितलेला प्रसंग याच भेटीतला. त्याने एका रुग्णाच्या वळलेल्या पंजात आपला हात दिला आणि जोराने दाबायला सांगितले. लुळ्या हाताची अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या पकडीने तो कळवळला. मग हा हात पांगळा म्हणायचा कसा? ज्या हातात एवढी ताकद आहे, त्याला बोटे सरळ का करता येत नाहीत?

४/
या कोड्याचे उत्तर हाताच्या रचनेत आहे. आपल्या बोटांत स्नायू जवळजवळ नाहीतच. मूठ आवळणारे दणकट स्नायू कोपराखाली, हाताच्या पुढच्या भागात असतात. त्यांच्या लांब दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातून बोटांपर्यंत जातात. मूठ घट्ट आवळून दुसरा हात कोपराखाली ठेवला, तर हे स्नायू फुगताना जाणवतात. पंजाच्या आत मात्र सुमारे वीस लहान स्नायू निराळे आहेत. त्यांचा उगम आणि शेवट दोन्ही पंजातच होतात. ताकद कोपराखालून येते. ती कुठे आणि कोणत्या आकारात वापरायची, हे पंजातले स्नायू ठरवतात.

५/
त्यांतील चार स्नायूंचे नाव ‘लम्ब्रिकल’. लॅटिन भाषेत लम्ब्रिकस म्हणजे गांडूळ, आणि ते दिसतातही तसेच. त्यांची गंमत अशी की, ते हाडाला चिकटून सुरूच होत नाहीत. बोट मिटवणाऱ्या खोल कंडरेवर त्यांचा उगम होतो. तेथून ते बोटाच्या मुळाच्या सांध्यासमोरून, तळहाताच्या बाजूने जातात आणि कडेने वर चढून बोटाच्या पाठीवरील, बोट ताठ करणाऱ्या पट्ट्याला मिळतात. तळहाताच्या हाडांमधील फटींत बसलेले ‘इंटरऑसियस’ स्नायूही मुळाच्या सांध्यासमोरून याच पट्ट्यापर्यंत पोहोचतात. मधले बोट आस मानून बाकीची बोटे फाकवणे आणि जवळ आणणे, हे त्यांचे आणखी एक काम.

६/
या वाटेमुळे एक विलक्षण गोष्ट घडते. हे स्नायू आखडले की बोट मुळाशी वाकते आणि पुढच्या दोन सांध्यांत ताठ होते. भाताचा घास उचलताना चार बोटे कशी होतात ते पाहावे : मुळाशी झुकलेली, पुढे जवळपास सरळ. ही ठेवण केवळ कोपराखालच्या स्नायूंना जमत नाही.

७/
हे प्रथम नीट उलगडले ते फ्रान्समधील ड्युशेन (१८०६–१८७५) याने. प्रेतावर कंडरा ओढून पाहण्याऐवजी त्याने जिवंत माणसाच्या त्वचेवर विजेचे ओले अग्र ठेवून एकेक स्नायू वेगळा आखडवला. मनगटाच्या पाठीवरून येणारा बोटे ताठ करणारा मोठा स्नायू मुख्यतः मुळाचा सांधाच उघडतो, पुढची दोन पेरी उघडण्याचे काम पंजातील लहान स्नायूंचे आहे, हे त्याने दाखवले. १८६७ च्या त्याच्या ग्रंथात स्नायूंच्या हालचालींचे हे सारे विवेचन आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर व्हायला १९४९ साल उजाडले.

८/
आता चिंगलपुटच्या हाताकडे परत जाऊ. लहान स्नायू निकामी झाले, मोठे शाबूत राहिले, तर काय होईल? पाठीवरील मोठा स्नायू मुळाचा सांधा मागे ओढतो, आणि त्याला समोरून आवरणारे कुणी उरत नाही. सांधा उलट मागे कलतो. पाठीवरील ओढीची सगळी ताकद तेथेच खर्च होते, पुढच्या पेरांपर्यंत काही पोहोचत नाही. दरम्यान मिटवणाऱ्या कंडरा त्या पेरांना आत खेचतात. मुळाशी मागे, पुढे आत : हीच ती नखीसारखी ठेवण.

९/
याची साधी परीक्षा आहे. तपासणाऱ्याने आपल्या बोटाने रुग्णाच्या बोटाचा मुळाचा सांधा मागे कलण्यापासून रोखून धरायचा आणि ‘बोट सरळ करा’ म्हणायचे. बोट सरळ झाले, तर पाठीवरचा पट्टा चांगला आहे, सांधा मोकळा आहे आणि उणीव आहे ती फक्त मुळाशी आवरणाऱ्या स्नायूची. फ्रेंच वैद्य बूव्हिए याचे नाव या परीक्षेला आहे. बोट तरीही सरळ झाले नाही, तर सांधाच आखडला आहे असा संशय घ्यायचा.

१०/
लहान स्नायूच का गेले, या प्रश्नाचे उत्तर मज्जातंतूंत आहे. पंजातील बहुतेक स्नायूंना अल्नार मज्जातंतू चालवतो. कोपर भिंतीवर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तो हाच. सगळे इंटरऑसियस, करंगळी-अनामिकेचे लम्ब्रिकल, करंगळीच्या उंचवट्याचे स्नायू आणि अंगठा तळहाताशी चिकटवणारा स्नायू त्याच्याकडे. मनगटाच्या मधून येणाऱ्या मीडियन मज्जातंतूकडे तर्जनी व मधल्या बोटाचे लम्ब्रिकल आणि अंगठ्याच्या उंचवट्याचे बहुतेक स्नायू. अंगठा बोटांसमोर आणून चिमूट करणे त्याच्यावर अवलंबून असते. म्हणून अल्नार एकटा गेला तर मुख्यतः करंगळी आणि अनामिका वळतात. मीडियनही गेला की चारही बोटे वळतात आणि अंगठा तळहाताच्या पातळीत सपाट पडतो.

११/
ब्रँडने रुग्णांच्या हातांची एकेक स्नायू तपासून नोंद ठेवली, तेव्हा हानी जागोजागी विखुरलेली नव्हती, ठरावीक होती. पंजातले स्नायू गेलेले, कोपराखालचे बहुतांश चांगले. पुढे चिंगलपुटलाच एका मृत रुग्णाच्या हाताचे विच्छेदन करण्याची संधी मिळाली. सुजलेले मज्जातंतू त्वचेलगतच्या जागी सापडले : अल्नार कोपराच्या किंचित वर, मीडियन मनगटाच्या किंचित वर. खोल, उबदार स्नायूंखालून जाणारे भाग निरोगी होते. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीरातील थंड जागा मानवतात, याच्याशी हे जुळते.

१२/
मीडियनच्या कोपराखालच्या स्नायूंना जाणाऱ्या शाखा कोपराजवळच फुटतात. मनगटाशी तो दबला तरी त्या सुखरूप राहतात. अल्नारची कोपराखालील एक-दोन स्नायूंना जाणारी शाखा कमीअधिक सापडते, पण मूठ आवळणारे बाकीचे स्नायू वाचतात. ब्रँडचा हात ज्याने कळवळवला, ती ताकद येथून आली होती. शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा होता : हे स्नायू पुढेही निरोगी राहण्याची शक्यता दांडगी, म्हणजे ते उसने घेता येतील.

१३/
उसनवारीची पद्धत ब्रँडने शोधलेली नाही, हे सांगायला हवे. पहिल्या महायुद्धातील जखमींवर काम केलेल्या स्टाइल्स यांनी १९२२ च्या पुस्तकात ती मांडली होती आणि अमेरिकेतील बनेल यांनी ती सुधारली होती. प्रत्येक बोट मिटवायला दोन कंडरा असतात, एक उथळ आणि एक खोल. मूठ मिटायला खोल कंडरा पुरते. म्हणून उथळ कंडरा तिच्या जागेवरून सोडवायची, चिरून तिचे पट्टे करायचे आणि ते लम्ब्रिकलच्याच वाटेने न्यायचे : मुळाच्या सांध्यासमोरून, मग कडेने पाठीवरच्या पट्ट्यापर्यंत. सारे यश या वाटेवर आहे. कंडरा सांध्याच्या मागून गेली, तर ती बोट मुळाशी वाकवण्याऐवजी आणखी मागे ओढील. १९४८ मध्ये वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातांवर या शस्त्रक्रिया सुरू झाल्या.

१४/
काही हातांत नवीच अडचण दिसली. लवचीक बोटांत उथळ कंडरा काढून घेतल्यावर मधला सांधा उलट बाजूला झुकू लागला, कारण त्याला आवरणारी कंडराच हलवली होती. मग ब्रँडने बोटांची कंडरा न घेता मनगट मागे वळवणारा एक स्नायू वापरला. त्याची लांबी बोटांपर्यंत पुरत नाही, म्हणून पोटरीतील एक बारीक, लांब कंडरा काढून तिची जोड दिली आणि टोकाला चार शेपट्या केल्या, प्रत्येक बोटाला एक. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे रुग्णाला नवा धडा गिरवावा लागे : मनगट वळवणाऱ्या स्नायूने आता बोट चालवायचे.

१५/
१९५२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये ब्रँडने हंटेरियन व्याख्यान दिले. विषय होता कुष्ठरोगातील हाताची पुनर्रचना. तोवर वेल्लोरच्या आवारात ‘नव जीव निलयम’ नावाची छोटी वसाहत उभी राहिली होती, कारण बोटे सरळ झालेल्या माणसांना काम कुणी देत नव्हते. वाकडा हात पाहून मिळणारी भीकही आता बंद झाली, अशी तक्रार घेऊन काही जण परतल्याचे ब्रँडने सांगितले आहे.

१६/
शस्त्रक्रियेने हालचाल परत आली, स्पर्श मात्र आला नाही. तेच मज्जातंतू त्वचेची जाणीवही नेतात, आणि कंडरा हलवून ती मिळत नाही. नखीसारखा हात ग्लास धरतो, तेव्हा बोटे टोकापासून गुंडाळली जातात आणि सगळा भार बोटांच्या अग्रांवर पडतो. निरोगी हात तोच भार तळहातभर पसरतो. नवी ठेवण मिळाल्यावर ही इजा कमी झाली, संपली नाही. बोटे रोगाने ‘झडतात’ या समजाऐवजी ब्रँड आणि त्याचे सहकारी रोज जखमा मोजू लागले : चटके, फोड, हत्याराच्या दांड्याचे ओरखडे.

१७/
एक हिशेब मात्र लागत नव्हता. रात्री निजताना शाबूत असलेले बोट सकाळी कुरतडलेले दिसे, आणि रुग्णाला काहीच कळलेले नसे. अखेर रात्री पहारा ठेवल्यावर उंदीर सापडले. झोपलेल्या माणसाला त्यांचे दातही जाणवत नव्हते. त्यानंतर वेल्लोरहून घरी परतणाऱ्या रुग्णाला सोबत एक मांजर दिले जाऊ लागले.