एक फुलपाखरू की दहा?

अ‍ॅस्ट्राप्टेस फुल्गेरेटर हे नाव एका फुलपाखराला १७७५ साली मिळाले. अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात हे फुलपाखरू सर्रास आढळते. पंख गडद तपकिरी, आणि त्यांच्या बुडाशी व अंगावर निळी झळाळी. दिसायला ठसठशीत असल्याने त्याच्या ओळखीबद्दल सहसा कुणी शंका घेतली नाही. सव्वादोनशे वर्षे संग्रहालयांच्या पेट्यांतून त्याचे नमुने त्याच एका नावाच्या चिठ्ठीखाली टाचलेले राहिले.

शंका आली ती फुलपाखरावरून नव्हे, तर अळीवरून. कोस्टा रिका देशाच्या वायव्येला ग्वानाकास्ते येथे मोठे संरक्षित जंगल आहे. तेथे डॅनियल जॅन्झेन, विनी हॉलवॉक्स आणि त्यांचे स्थानिक सहकारी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अळ्या गोळा करून वाढवत होते. अळी कोणत्या झाडावर सापडली, काय खाते, कशी दिसते, कोषातून काय बाहेर आले, याची प्रत्येक अळीमागे नोंद होई. या फुलपाखराच्या अशा अडीच हजारांहून अधिक नोंदी जमल्या. त्या शेजारी शेजारी ठेवल्यावर एक विचित्र गोष्ट दिसू लागली. काही अळ्या फक्त सेल्टिसची पाने खात, काही ट्रायगोनियाची, काही हॅम्पियाची. अळ्यांची रंगठेवणही बहुधा झाडागणिक वेगळी होती. मात्र कोषातून बाहेर येणारी फुलपाखरे जवळजवळ एकसारखीच. या कुळातील तज्ज्ञ जॉन बर्न्स यांनी त्यांचे जननावयव तपासले. कीटकांच्या जाती वेगळ्या करताना हाच सहसा निर्णायक पुरावा असतो. येथे त्यांतही फरक सापडला नाही. (या लेखात ‘जाती’ म्हणजे स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे जीनस, असा अर्थ घेतला आहे.)

मग ही एक जात आणि तिच्या अळ्यांच्या वेगवेगळ्या खोडी, की अनेक जाती आणि त्यांचा एकच पोशाख? हा प्रश्न कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात पॉल हेबर्ट यांच्याकडे गेला.

हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक धाडसी प्रस्ताव मांडला होता. दुकानातील वस्तूवरच्या उभ्या रेघा वाचून जशी ती वस्तू ओळखता येते, तसा प्राण्याच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचून त्याची जात ओळखावी. त्यांनी निवडलेला तुकडा पेशीच्या केंद्रकातला नव्हे, तर तंतुकणिकेतला, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातला होता. सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराचा पहिला घटक बनवणाऱ्या जनुकातील ती सुमारे ६५० अक्षरे.

हाच तुकडा का? एकेका पेशीत तंतुकणिकेच्या डीएनएच्या पुष्कळ प्रती असतात, म्हणून वाळलेल्या कीटकाच्या एका पायातूनही तो मिळवता येतो. दुसरे कारण १९९४ सालचे. फोल्मर आणि सहकाऱ्यांनी समुद्रातील अपृष्ठवंशीयांसाठी दोन प्रायमर तयार केले होते, आणि ते अनेक प्राणिसंघांत चालतात असे आढळले होते. म्हणजे कुलूप उघडणारी किल्ली आधीच घडवलेली होती. तिसरे कारण वर्गात फळ्यावर सहज दाखवता येईल. जीजीए, जीजीसी, जीजीजी, जीजीटी या चारही त्रिकुटांचा अर्थ एकच, ग्लायसीन. तिसरे अक्षर बदलले तरी प्रथिन तेच राहते. त्यामुळे पेशीचे काम न बिघडवता अशी अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातात. दोन वंश वेगळे होऊन जितका काळ जास्त, तितके त्यांच्यातील फरक साधारणपणे जास्त.

हेबर्ट यांनी ग्वेल्फच्या परिसरातील पतंगांच्या २०० जाती घेऊन ही कल्पना तपासली. एका जातीतील दोन नमुन्यांत फरक बहुधा एक टक्क्याच्याही आत होता, तर एकाच प्रजातीतील दोन जातींत तो सहा टक्क्यांच्या आसपास. मधे जी मोकळी जागा दिसली, तिथे त्यांनी तीन टक्क्यांची रेघ सुचवली. ६५० अक्षरांत तीन टक्के म्हणजे सुमारे १९ अक्षरे. ही रेघ लावली असती तर २०० पैकी १९६ जाती वेगळ्या मोजल्या गेल्या असत्या. ही रेघ एका परिसरातील एका गटावरून काढलेली होती, हे पुढच्या वादात अनेकदा विसरले गेले.

ग्वानाकास्तेच्या फुलपाखरांचे निकाल २००४ साली प्रसिद्ध झाले. सुमारे साडेचारशे फुलपाखरांचे तुकडे वाचून, त्यांची एकमेकांशी असलेली जवळीक दाखवणारी झाडासारखी आकृती काढली, तेव्हा नमुन्यांचे पुंजके पडले. नुसते पुंजके पडले असते तर फारसे काही सिद्ध झाले नसते. पण सेल्टिसवर वाढलेले एका पुंजक्यात, ट्रायगोनियावर वाढलेले दुसऱ्यात, असे बहुतांशी घडले. लेखकांनी निष्कर्ष काढला की ही किमान दहा जातींची मोळी आहे. लॅटिन नावे न देता त्यांनी खाद्यवनस्पतींवरून तात्पुरती टोपणनावे ठेवली. सेल्टिसवरचा तो सेल्ट, ट्रायगोनियावरचा ट्रायगो.

येथे आम्हाला वाचकांना थांबवायचे आहे, कारण या दहांपैकी काही गटांमधील फरक तीन टक्के तर नाहीच, अर्धा टक्काही नव्हता. म्हणजे ६५० पैकी दोनतीन अक्षरे. तीन टक्क्यांचाच नियम लावला असता तर हे गट एकच ठरले असते. त्यांना वेगळे मानण्याचे बळ आले ते अळीच्या रंगातून, झाडाच्या नावातून आणि वर्षानुवर्षांच्या नोंदवह्यांतून. डीएनएने दहा जाती शोधल्या असे जे सांगितले जाते, ते म्हणूनच अर्धवट खरे आहे.

अँड्र्यू ब्राउअर यांनी २००६ साली नेमके येथेच बोट ठेवले. तीच माहिती त्यांनी पुन्हा तपासली. आकृतीत पुंजका दिसणे वेगळे आणि त्याला पुरेसा आधार असणे वेगळे, असा त्यांचा आक्षेप होता. नमुने कितीही एकजिनसी असोत, अशी आकृती काढणारी पद्धत काही ना काही फांद्या पाडतेच. ब्राउअर यांच्या मते तुकड्यांच्या पुराव्यावर किमान तीन गट मानता येतात, पण सातांहून अधिक नाही.

या वादात दोन निरनिराळी कामे एकमेकांत मिसळली होती. एक काम ओळख पटवण्याचे: जाती आधीच ठाऊक आहेत, हा नमुना त्यांपैकी कोणाचा? दुसरे काम सीमा आखण्याचे: मुळात जाती किती? पहिले काम सोपे आहे, पण तेही आपण समजतो तितके नाही. एक काल्पनिक उदाहरण करून पाहू. आपल्या नमुन्याची ६५० अक्षरे संग्रहातील नोंदींशी ताडली. सर्वांत जवळची जात ४ अक्षरांनी दूर, म्हणजे जुळणी ९९.४ टक्के. दुसऱ्या क्रमांकाची जात ३९ अक्षरांनी दूर, म्हणजे ९४ टक्के. येथे ओळख पटली असे म्हणायला हरकत नाही. आता पहिली तीच ठेवू, पण दुसरी जात ६ अक्षरांवर आहे असे धरू. पहिल्या जुळणीचा आकडा अजूनही ९९.४ आहे, तरी निर्णय डळमळला, कारण एका जातीतील नमुन्यांतही एवढा फरक असू शकतो. तिसऱ्या वेळी सर्वांत जवळची जातच ४५ अक्षरांवर निघाली. यादीत ती पहिली आली म्हणून नमुना तिचा ठरत नाही. बहुधा आपली जात त्या संग्रहात नाहीच. म्हणून पहिल्या क्रमांकाइतकेच दुसऱ्याकडे आणि दोहोंमधल्या अंतराकडे पाहावे लागते. शिवाय जुळणी किती लांबीवर झाली तेही. १२० अक्षरांवरची ९९ टक्के जुळणी ही ६५० अक्षरांवरच्या ९९ टक्क्यांच्या तोलाची नव्हे.

संग्रह अपुरा असला तर काय होते, हे क्रिस्टोफर मायर आणि गुस्ताव पॉले यांनी २००५ साली कवड्यांवर मोजून दाखवले. त्यांनी दोन हजारांहून अधिक कवड्या तपासल्या. जिथे जवळपास सर्व जातींचे नमुने संग्रहात होते, तिथे ओळखीतील चूक चार टक्क्यांच्या आत राहिली. तीच रेघ अनोळखी जाती वेगळ्या काढायला वापरली, तेव्हा ती उत्तम जागी ठेवूनही चूक सुमारे १७ टक्के झाली. जातीच्या आतला फरक आणि जातींमधला फरक हे एकमेकांवर चढलेले होते. मधली मोकळी जागा नव्हतीच.

याहून फसवी चूक तुकड्यातच दडलेली असते. तंतुकणिकेच्या डीएनएची एखादी प्रत उत्क्रांतीच्या ओघात कधीतरी केंद्रकात जाऊन बसते. तिथे तिला काम नसते, म्हणून तिच्यात मनमानी बदल साचतात. आपले प्रायमर मात्र खऱ्या तुकड्याबरोबर तिच्याही प्रती काढतात. ग्वानाकास्तेच्या सेल्ट गटात असेच घडल्याची चिन्हे होती. अक्षरे वाचणाऱ्या यंत्राच्या आलेखात काही जागी एकाऐवजी दोन उंचवटे दिसत होते. अशी तोतया प्रत ओळखण्याची साधी कसोटी म्हणजे तुकड्याचे प्रथिनाच्या भाषेत भाषांतर करणे. मधेच थांब-त्रिकूट लागले, किंवा एखाददुसरे अक्षर गळाल्याने वाचनाची चौकट सरकली, तर तो चालू जनुकाचा तुकडा नव्हे. पण येथे पाठ्यपुस्तकातील तक्ता वापरून चालत नाही. आपण शिकवतो तो टीजीए म्हणजे ‘थांबा’, आरएनएच्या भाषेत यूजीए, कीटकांच्या तंतुकणिकेत ट्रिप्टोफॅनसाठी असतो. नेहमीच्या तक्त्याने भाषांतर केले तर अस्सल तुकडाही तोतया ठरेल. उलट, काही तोतया प्रतींत थांब-त्रिकूट नसतेच, आणि त्या या कसोटीतून सुटतात.

आणखी एक मर्यादा तंतुकणिकेच्या वारशात आहे. ती बहुतेक प्राण्यांत फक्त आईकडून येते. दोन जातींचा संकर झाला तर संततीचा बारकोड आईच्या जातीचाच निघतो, बापाचा मागमूस त्यात नसतो. वोल्बाकिया नावाचा जिवाणूही कीटकांत आईकडूनच पुढच्या पिढीत जातो. तो एखाद्या जातीत वेगाने पसरला की आपल्यासोबतची तंतुकणिकाही पसरवतो. कधी यामुळे दोन जाती एकसारख्या दिसतात, तर कधी एकच जात दुभंगलेली. आकड्यावरून हे कळत नाही. त्यासाठी केंद्रकातील जनुके वाचावी लागतात.

ग्वानाकास्तेच्या त्या दहा गटांना बरीच वर्षे टोपणनावांवरच राहावे लागले. प्राण्यांच्या नामकरणाचे नियम कडक आहेत. वर्णन, नमुना आणि नियमानुसार प्रसिद्धी यांवाचून नाव ग्राह्य धरले जात नाही. शेवटी २०१० साली हे काम ज्याने केले तो दहाच्या आकड्यावर सर्वांत कडक आक्षेप घेणारा माणूस होता. ब्राउअर यांनी दहाही गटांना रीतसर लॅटिन नावे दिली आणि लेखाच्या मथळ्यातच त्याला ‘वाईट पायंडा’ म्हटले. त्यानंतर फुल्गेरेटरचे पहिले नावही बदलले. ते आता टेलेगोनस या प्रजातीत धरले जाते.