जांघेतली फुगी : हर्निया कसा ओळखायचा आणि कधी थांबायचं नाही

खोकला आला, पाण्याचा ड्रम उचलला किंवा संडासला जोर लावला की जांघेत लिंबाएवढी फुगी येते. आडवं झालं की ती आपोआप आत जाते. दुखत नाही, म्हणून माणूस गप्प बसतो. जागा शरमेची असल्यामुळे बायकोलाही सांगत नाही. आमच्या मोहल्ल्यात असे किती चाचा आणि मामू वर्षानुवर्षं हे लपवून ठेवतात. म्हणून आज याच विषयाची नीट माहिती घेऊ.

हे होतं कसं?

पोटातली आतडी जागेवर धरून ठेवायला पुढून स्नायूंची भिंत असते. जांघेपाशी या भिंतीत एक अरुंद वाट असते. मुलगा आईच्या पोटात असताना त्याचे अंडकोश याच वाटेने खाली उतरतात, म्हणून पुरुषांत ही जागा मुळातच कच्ची राहते. वय, जुना खोकला, बिडी-सिगारेट, कायमची बद्धकोष्ठता, लघवीला जोर लावावा लागणे आणि ओझी उचलण्याचं काम यांनी ती आणखी सैल होते. मग पोटात दाब वाढला की आतड्याचा भाग किंवा पोटातली चरबी तिथून बाहेर डोकावते. यालाच हर्निया किंवा अंतर्गळ म्हणतात.

ओळखायचं कसं?

उभं राहून खोकल्यावर फुगी दिसते आणि झोपल्यावर जाते, ही मुख्य खूण. संध्याकाळपर्यंत जांघेत जडपणा आणि ओढल्यासारखं वाटतं. कधी फुगी खाली अंडकोशाच्या पिशवीत उतरते. झोपल्यावरही तशीच राहणारी टणक गाठ दुसऱ्या कशाची असू शकते, तीही दाखवावी. डॉक्टर उभं करून खोकायला सांगतात आणि हाताने तपासतात. बहुतेक वेळा तेवढ्यावरच निदान होतं, शंका असली तर सोनोग्राफी करतात.

धोका कधी?

एक उदाहरण घेऊ. पन्नाशीतले एक हमाल. दोन वर्षांपासून फुगी येत-जात होती. एका रात्री पोतं उतरवल्यावर ती बाहेर आली आणि झोपूनही आत गेली नाही. जांघ दुखू लागली. घरच्यांनी गॅस समजून ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी शेकली. पहाटे उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं, वायू सरेना. इथे काय झालं? आतडं त्या अरुंद वाटेत अडकलं. आधी अन्न पुढे सरकणं थांबलं, मग वाटेचा फास बसून आतड्याचा रक्तपुरवठा तुटू लागला. रक्त न मिळालेलं आतडं काही तासांत सडू लागतं. रात्रीच नेलं असतं तर आतडं मोकळं करून भिंत शिवता आली असती. उशीर झाला की तेवढा तुकडा कापून काढायची वेळ येते आणि जिवालाही धोका होतो.

म्हणून यातली एक गोष्ट जरी दिसली तरी सकाळची वाट पाहू नका :

- नेहमी आत जाणारी फुगी आत जात नाही आणि दुखते
- फुगी टणक झाली, हात लावू देत नाही, वरची कातडी लाल किंवा काळपट झाली
- उलट्या, पोट फुगणे, संडास आणि वायू बंद
- फुगीच्या दुखण्यासोबत ताप

अशा वेळी फुगी जोराने आत ढकलू नका, शेकू नका, चोळू नका. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून खायला-प्यायला काही देऊ नका. १०८ ला फोन करा आणि सर्जन असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या.

इलाज

हर्निया औषधाने, तेलाने किंवा पट्ट्याने बरा होत नाही. पट्टा फक्त फुगी दाबून धरतो. भिंतीची दुरुस्ती ऑपरेशननेच होते, मोठ्या माणसांत बहुधा तिथे जाळी बसवतात. त्रास अगदीच नसेल तर डॉक्टर पुरुषांना थांबून लक्ष ठेवायला सांगू शकतात, पण हा निर्णय तपासणीनंतरचा. बायकांमध्ये जांघेच्या थोडं खाली येणारा एक प्रकार लवकर अडकतो, म्हणून त्यांनी थांबू नये. शरम वाटत असेल तर लेडी डॉक्टरला दाखवावं. तान्ह्या बाळाला रडताना जांघेत फुगी दिसली तर 'मोठा झाल्यावर जाईल' असं समजू नये. ती आपोआप जात नाही आणि बाळांत अडकण्याचा धोका जास्त असतो.

ऑपरेशननंतर नमाज कधीपासून आणि कशी, रुकू-सजदा करायचा की खुर्चीवर बसून पढायची, जड वजन कधी उचलायचं, हे सुट्टी घेतानाच सर्जनला विचारून घ्या. आणि घरात कुणी अब्बा किंवा चाचा जांघेवर हात दाबून खोकत असतील, तर मुलाने एकांतात एकदा विचारावं.